टिपचं गणित : ती शंभरची नोट जाते कुठे?

शनिवारची रात्र. बिलाचं काळं फोल्डर टेबलावर येतं, आत बडीशेप आणि टूथपिक. तुम्ही कार्ड स्वाइप करता, मग जरा मोठ्या मनानं शंभरची नोट आत सरकवता आणि निघता. वेटर हसून 'थँक्यू सर' म्हणतो. आता खरं सांगा, ती नोट नंतर कुठे जाते, याचा विचार कधी केलाय?

मीही केला नव्हता. आठ वर्षं हिंजवडीत आयटीत काढली, दर वीकेंडला बाहेर जेवले, टिपा दिल्या. मग मैत्रिणीबरोबर पार्टनरशिपमध्ये पुण्यातच साठ सीट्सचं रेस्तराँ काढलं. (हो, 'नोकरी सोडून कॅफे काढू या' म्हणणाऱ्यांपैकीच मी एक. आणि हो, घरचे अजून विचारतात, परत जॉब कधी घेणार?) किचन, लायसन्स, भाडं, सगळ्याचा अभ्यास केला होता. टिपचा मात्र नाही. ते खातं आमच्या कॅप्टनकडे होतं. वीसेक वर्षं हॉटेल लाइनमध्ये काढलेला, साताऱ्याकडचा माणूस. मी त्यांना दादा म्हणते. त्यांच्याकडे एक लाल वही आणि काउंटरखाली एक स्टीलचा डबा. महिनाअखेरीला डबा उघडायचा, वही उघडायची, वाटून मोकळं. आपण कशाला लक्ष घाला?

मग २०२५ चा मार्च आला आणि लक्ष घालावंच लागलं.

पाच टक्के गेले...

आमच्या बिलावर तेव्हा पाच टक्के सर्व्हिस चार्ज असायचा. सगळ्यांचाच असतो म्हणून आमचाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं की हा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, देणं-न देणं ग्राहकाच्या मर्जीवर. रेस्तराँवाले कोर्टात गेले, स्थगिती मिळाली आणि सगळे निवांत झाले. २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. आमच्या सीएनं फोन करून एकच वाक्य सांगितलं, "काढून टाक." आम्ही काढला.

परिणाम? पूर्वी सर्व्हिस चार्ज आणि टिपा मिळून महिन्याला ८० हजारांच्या आसपास रक्कम स्टाफमध्ये वाटली जायची. मे महिन्यात ती ५४ हजारांवर आली. वाटण्याची पोळी लहान झाली की कुणाचा तुकडा किती, हे सगळ्यांना एकदम दिसायला लागतं. आमच्याकडे तेच झालं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमचा सर्वांत चांगला स्टुअर्ड केबिनमध्ये आला. गढवालचा मुलगा, रेग्युलर कस्टमर त्याला नावानं ओळखतात. म्हणाला, "मॅडम, मैं पूरा दिन काम करता हूँ, वो लोग शाम को चार घंटे आते हैं. टिप बराबर मिलती है. ये कौनसा हिसाब है?"

मी दादांकडून लाल वही मागून घेतली. पहिल्यांदाच.

लाल वहीतला फंडा

वहीतली पद्धत हॉटेल लाइनमध्ये बऱ्याच ठिकाणी चालते, तीच होती. प्रत्येक पोस्टला पॉइंट. कॅप्टनला ५, स्टुअर्डला ४, हेल्परला (म्हणजे पाणी देणारा, टेबल साफ करणारा) २. सगळ्यांच्या पॉइंटांची बेरीज करायची, जमलेल्या रकमेला तिनं भागायचं, एका पॉइंटचा भाव निघतो. सिंपल.

आमच्या फ्लोअरवर एक कॅप्टन, पाच स्टुअर्ड आणि एक हेल्पर. पाच स्टुअर्डांपैकी तिघं फुलटाइम, दोघं कॉलेजची मुलं. म्हणजे ५ अधिक २० अधिक २, एकूण २७ पॉइंट. ५४ हजार भागिले २७, पॉइंटचा भाव २,००० रुपये. दादांना १० हजार, प्रत्येक स्टुअर्डला ८ हजार, हेल्परला ४ हजार.

वरवर बघितलं तर ठीकच. पण फुलटाइम स्टुअर्ड महिन्याला २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास उभा असतो. कॉलेजवाले संध्याकाळी साडेसातला येतात, साडेअकराला जातात. २४ दिवस, ९६ तास. ८ हजार भागिले २०८ म्हणजे तासाला साधारण ३८ रुपये. ८ हजार भागिले ९६ म्हणजे तासाला ८३ रुपये. त्याच टेबलांवर, त्याच ट्रेनं, तेच काम करून.

आता यात दादांनी लबाडी केली होती का? अजिबात नाही. दादा ज्या काळात शिकले, तेव्हा पार्टटाइम प्रकरणच नव्हतं. सगळेच सकाळी यायचे, रात्री जायचे. तास सगळ्यांचे सारखे, म्हणून तास मोजायची गरजच नव्हती. वही बरोबर होती, स्टाफ बदलला होता.

लंडनहून एक सल्ला

माझा मामेभाऊ पुण्यातच हॉटेल मॅनेजमेंट करून लंडनला गेला, तिथल्या रेस्तराँमध्ये काम करतो. रात्री साडेबाराला त्याला फोन लावला. तो हसायलाच लागला. "अगं, आमच्याकडे याच्यासाठी वेगळा माणूस असतो. ट्रॉंकमास्टर!"

ट्रॉंक म्हणजे टिपांचा सामायिक गल्ला. शब्द मूळ फ्रेंच, चर्चमध्ये दानासाठी ठेवलेल्या पेटीचा. हा गल्ला कसा वाटायचा, हे ठरवणारा तो ट्रॉंकमास्टर. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच लागू झालाय. टिपेतला एक पेनीही मालकानं ठेवायचा नाही, वाटप न्याय्य असलं पाहिजे, त्याचं लेखी धोरण स्टाफला दाखवायचं, पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत द्यायचे आणि कुणाला किती दिले याची नोंद तीन वर्षं जपायची. आपल्याकडे असा कायदा नाही. पण वाटायची रीत उचलायला कोण अडवतंय?

त्याची रीत एका ओळीत मावली. पॉइंट गुणिले तास. म्हणजे आपण पॉइंट 'माणसाला' देतो, ते द्यायचे 'माणसाच्या तासाला'. स्टुअर्डच्या एका तासाचे ४ पॉइंट, हेल्परच्या एका तासाचे २. महिन्याचे सगळ्यांचे असे पॉइंट-तास मोजायचे, बेरीज करायची आणि रकमेला त्या बेरजेनं भागायचं.

रात्री एक वाजता मी लॅपटॉप उघडला. एक्सेल हे माझं जुनं प्रेम! 'बी' कॉलममध्ये पॉइंट, 'सी'मध्ये तास, 'एफ-वन'मध्ये रक्कम. प्रत्येकाच्या ओळीत हे:

```
=B2*C2/SUMPRODUCT(B$2:B$8,C$2:C$8)*F$1
```

दादांचे ५ गुणिले २०८, म्हणजे १,०४०. फुलटाइम स्टुअर्डचे प्रत्येकी ८३२, तिघांचे २,४९६. कॉलेजवाल्यांचे प्रत्येकी ३८४, दोघांचे ७६८. हेल्परचे ४१६. सगळी बेरीज ४,७२०. आता ५४ हजार भागिले ४,७२०, म्हणजे एका पॉइंट-तासाला ११ रुपये ४४ पैसे.

दादांना ११,८९८. फुलटाइम स्टुअर्डला ९,५१९. कॉलेजवाल्याला ४,३९३. हेल्परला ४,७५९. आणि स्टुअर्डचा तास आता सगळ्यांचा सारखा, ४५ रुपये ७६ पैसे. फुलटाइम असो की पार्टटाइम.

नुसते तास का नाही मोजले? तेही करून बघितलं. पॉइंट काढून टाकले तर दादांना आणि कालपरवा लागलेल्या हेल्परला एकच रक्कम येते, ९,११७. दादांनी एकदा गेलेला कस्टमर परत आणलाय, टेबल सातवरचं भांडण मिटवलंय. त्याची काहीतरी किंमत असायलाच हवी. पॉइंट कामाची जबाबदारी मोजतात, तास हजेरी मोजतात. एकटा कुठलाच पुरत नाही.

झालं, प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड! असं मला वाटलं. सोमवारी दुपारी, लंच आणि डिनरच्या मधल्या वेळेत, सगळ्यांना बसवून शीट दाखवलं. पाच मिनिटं सगळे खूश. मग किचनच्या दारातून एक आवाज आला.

"ताई, आमचं काय?"

आमच्याकडे भांड्यांवर दोन मावशी आहेत. सहा-सहा तास. त्यातल्या थोरल्या मावशी ओल्या हातानं दारात उभ्या होत्या. भांडायला नाही आल्या, नुसतं विचारलं. "ताई, ताट स्वच्छ नसलं तर टिप मिळंल का?"

कुणीच काही बोललं नाही. टिप डबा फ्लोअरचा, हे इतकं ठरलेलं होतं की किचनमधल्या पाच माणसांची, तीन कुक आणि दोन मावशींची, नावंच वहीत नव्हती.

मी त्या रात्री त्यांनाही शीटमध्ये घातलं. कुकला ३ पॉइंट, मावशींना २. एकूण पॉइंट-तास ४,७२० वरून ७,२१६ झाले आणि भाव ११.४४ वरून ७.४८ वर आला. फुलटाइम स्टुअर्डची रक्कम ६,२२६. ज्या मुलाची तक्रार घेऊन मी सुरुवात केली होती, तो ८ हजारांवरून ६,२०० वर! याला न्याय म्हणायचं?

दादा मग पहिल्यांदा स्पष्ट बोलले. "मॅडम, कुकचा पगार स्टुअर्डपेक्षा जास्त आहे. तो का जास्त आहे? त्याला टिप नाही म्हणून. स्टुअर्ड कमी पगारावर का येतो? टिप आहे म्हणून. आता टिप वाटली तर पगारही वाटा."

मला उत्तर सुचलं नाही, कारण मुद्दा बरोबर होता. टिपचं वाटप पगारापासून वेगळं काढून बघताच येत नाही. लोकांनी नोकरी घेतानाच तो हिशेब मनात धरलेला असतो. पण मावशींना ना कुकचा पगार, ना स्टुअर्डची टिप. त्या दोन्हीकडून बाहेर.

दोन दिवसांच्या चर्चेनंतर तोडगा निघाला तो असा. आधी गल्ल्याचेच दोन भाग, ८० टक्के फ्लोअर, २० टक्के किचन. मग प्रत्येक भागात पॉइंट गुणिले तास. फ्लोअरचे ४३,२०० रुपये भागिले ४,७२०, भाव ९ रुपये १५ पैसे. किचनचे १०,८०० भागिले २,४९६, भाव ४ रुपये ३३ पैसे. दादांना ९,५१९, फुलटाइम स्टुअर्डला ७,६१५, हेल्परला ३,८०७. कुकला २,७००. आणि मावशींना प्रत्येकी १,३५०.

म्हणजे दादांनी ४८१ रुपये सोडले, स्टुअर्डांनी ३८५. दादा म्हणाले, "चालतंय. ताटाचं खरं आहे मावशीचं." गढवालचा मुलगा जरा वेळ शीटकडे बघत राहिला. त्याची तक्रार होती बरोबरीची, आणि बरोबरी त्याला मिळाली होती. रक्कम मात्र वाढली नव्हती. शेवटी त्यानंही मान हलवली.

चार तास, पण कुठले चार?

सगळ्यात मोठा फटका कुणाला बसला हे तुमच्या लक्षात आलं असेलच. कॉलेजच्या दोघांना. ८ हजारांवरून ३,५१५ वर! त्यातली मुलगी बी.कॉम.ला आहे, हिशेबाला पक्की. ती भडकली नाही, पेन घेऊन आली.

"मॅम, माझे चार तास म्हणजे साडेसात ते साडेअकरा. फुल हाउस. मंगळवारी दुपारी चार वाजता रिकाम्या टेबलांवर नॅपकिन दुमडणं आणि शनिवारी नऊ वाजता तीन टेबलं सांभाळणं, हा एकच तास कसा?"

सॉलिड पॉइंट होता. यावर दोन इलाज असतात. एक, गल्ला शिफ्टवार ठेवायचा, शनिवार रात्रीची टिप शनिवार रात्रीच्याच लोकांत. ऐकायला फेअर वाटतं, पण मग रोस्टर बनवणाऱ्याच्या हातात सगळ्यांचे पैसे जातात. मर्जीतल्यांना शनिवार, बाकीच्यांना मंगळवारची दुपार. आमच्याकडे रोस्टर दादा बनवतात. त्यांनीच हात जोडले, "नको, उगाच माझ्यावर संशय."

दुसरा इलाज, गर्दीच्या तासाला जास्त वजन. शुक्रवार, शनिवार, रविवारच्या रात्रीचा एक तास सव्वा तास धरायचा. आम्ही हे मांडून बघितलं. महिन्यात अशा बारा रात्री, ४८ तास, म्हणजे प्रत्येकाला १२ तास वाढीव. कॉलेजवाल्यांचे ९६ चे १०८ होतात, पण फुलटाइमवालेही त्या रात्री असतातच, त्यांचे २०८ चे २२०. नवीन भाव काढला. मुलीची रक्कम ३,५१५ वरून ३,७०० झाली. १८५ रुपयांचा फरक.

एवढ्यासाठी रोजचे तास दोन रकान्यांत लिहायचे, महिनाअखेरीला कुणाचा शुक्रवार चुकला यावर वाद घालायचे! तीच म्हणाली, "राहू दे मॅम, वर्थ नाही." नियम जितका बारीक, तितका तो तपासणारा माणूस कमी. आणि जे तपासता येत नाही त्याच्यावर संशय येतोच. सव्वा तास आम्ही सोडून दिला.

तिच्या जोडीचा मुलगा मात्र महिन्याभरात सोडून गेला. डिलिव्हरीत जास्त मिळतात म्हणाला. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचा पगारच अर्धा कापल्यासारखं झालं होतं. हे मी आता वेगळं केलं असतं. बदल एकदम न करता तीन महिन्यांत टप्प्याटप्प्यानं करायला हवा होता. चुकीच्या पद्धतीनंही कुणाचं तरी रूमचं भाडं निघत असतं.

तास पिकतात तेव्हा...

जे मोजलं जातं ते वाढायला लागतं, हा ऑफिसातला अनुभव इथंही आला. जुलैत गल्ला जवळपास तेवढाच, ५४ हजार. पण फ्लोअरचा भाव ९.१५ वरून ८.६४ वर आलेला. पहिलं कुणाला कळलं? दादांना. त्यांचे पाचशेच्या वर रुपये कमी झाले होते, सुट्टी न घेता.

गल्ला तोच आणि भाव कमी, याचा अर्थ एकच. पॉइंट-तास वाढलेत. बेरीज बघितली, ४,७२० ची ५,००० झालेली. पंचिंग मशिनचा रिपोर्ट काढला. तिन्ही फुलटाइम स्टुअर्ड आणि हेल्पर रोज पाऊण तास आधी पंच करत होते. महिन्याला साधारण वीस तास. तिघांचे मिळून २४० पॉइंट-तास आणि हेल्परचे ४०, बरोबर २८० चा हिशेब लागला. काम नव्हतं, मागच्या दारात चहा पीत बसायचे.

गंमत बघा. एवढं करून प्रत्येक स्टुअर्डला मिळाले फक्त २६५ रुपये जास्त. ते आले दादांच्या आणि कॉलेजवाल्यांच्या खिशातून. गल्ला तेवढाच असल्यामुळे तास वाढवून पैसे वाढत नाहीत, फक्त इकडून तिकडे सरकतात.

ओरडाआरडा न करता नियम केला. रोस्टरवर लिहिलेले तासच धरायचे. पार्टी लांबली, कुणाला थांबवलं, तर त्याच रात्री दादांची सही घेऊन जादा तास लिहायचे. जेवणाचा अर्धा तास सगळ्यांचाच वजा. आणि प्रत्येक महिन्याला लॉकरशेजारी एक कागद चिकटतो. त्यावर एकूण गल्ला, एकूण पॉइंट-तास, भाव, प्रत्येकाचे तास आणि रक्कम. मोबाइलवर गुणाकार करून कुणीही आपली रक्कम तपासावी. रकमा खालच्या दहाच्या पटीत देतो, उरलेली पन्नास-साठ रुपयांची चिल्लर पुढच्या महिन्याच्या गल्ल्यात जाते. तीही कागदावर लिहिलेली असते, कारण याच चिल्लरवरून आधी कुजबुज व्हायची.

डेंगी आणि गणपती

तासांच्या पद्धतीचा एक मोठा आराम म्हणजे सुट्ट्यांचे वाद संपले. पूर्वी गणपतीला कुणी दहा दिवस गावी गेलं की त्याचे पॉइंट किती कापायचे, हे दादांच्या मूडवर असायचं. आता तास नाहीत तर पॉइंट नाहीत, आणि जे थांबून काम करतात त्यांचा भाव आपोआप वाढतो. महिन्याच्या मध्ये कुणी लागलं किंवा सोडून गेलं तरी हिशेब तोच.

पण तीच गोष्ट ऑक्टोबरमध्ये उलटी लागली. आमच्या एका स्टुअर्डला डेंगी झाला, बारा दिवस गैरहजर. शीटला डेंगी आणि गणपती यातला फरक कळत नाही. औषधांचा खर्च होता, त्याच महिन्यात टिप निम्म्यावर. त्याच्यासाठी सगळ्यांनी मिळून ठरवलं की डॉक्टरांचं सर्टिफिकेट असेल तर महिन्याला तीन दिवसांपर्यंत रोजचे आठ तास धरायचे. हे पैसे मालकाच्या खिशातून नाही, बाकीच्यांच्या भावातून जातात. म्हणून तो निर्णय मी घेतला नाही, त्यांनी घेतला. उरलेल्या नऊ दिवसांचं काय? पगारी रजा जेवढी शिल्लक होती तेवढी आम्ही दिली. टिपेच्या गल्ल्यानं आजारपणाचा विमा होऊ नये.

गळती शोधायची कशी?

आता रोख कमी, यूपीआय जास्त. आणि इथंच नवा घोळ. टेबलावरचा क्यूआर रेस्तराँचा, पण 'टिप यावर द्या सर' म्हणून कुणी स्वतःचा मोबाइल पुढे केला तर? ती टिप गल्ल्यात येतच नाही. सप्टेंबरमध्ये एका स्टुअर्डच्या टेबलांवर बिलं सगळ्यांएवढी, पण टिपा जवळपास निम्म्या. एखादा आठवडा असं होऊ शकतं, नशीब खराब. महिनाभर नाही. त्याला एकट्याला बोलावून कागद पुढे ठेवला. त्याला घरी पैसे पाठवायचे होते, म्हणाला. आम्ही त्याला काढलं नाही, पण टिपेसाठी वेगळा क्यूआर केला, तो फक्त बिलाच्या फोल्डरमध्ये असतो.

आमच्याही बाजूची एक गळती होती, ती कबूल करते. फुटलेल्या ग्लासांचे पैसे डब्यातून जायचे. लाल वहीत 'ब्रेकेज' म्हणून तीनशे, चारशे अशी ओळ दर महिन्याला. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी कधी पाहिलं नव्हतं. ग्लास रेस्तराँचे, धंदा रेस्तराँचा, मग फुटण्याचा खर्च टिपेतून का? ती ओळ बंद केली. कार्डवरच्या टिपेवर बँक जो चार्ज कापते, तोही आता आम्ही भरतो. आणि मी किंवा माझी पार्टनर, आमचा एकही पॉइंट नाही. कितीही शनिवारी प्लेटा उचलल्या तरी!

टॅक्सचं काय, असं तुमच्यातला कुणीतरी विचारणारच. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की ग्राहकानं बिलाबरोबर दिलेली टिप मालकानं नुसती गोळा करून वाटली, तर तो पगार होत नाही आणि त्यावर पगाराचा टीडीएस कापायचा नाही. ती कर्मचाऱ्याचं इतर उत्पन्न म्हणून धरली जाते. म्हणून आमच्याकडे टिपेचं शीट पगाराच्या शीटपासून पूर्ण वेगळं आहे.

लाल वही अजून आहे

गढवालचा मुलगा अजून आमच्याकडेच आहे. दादा लाल वही अजून ठेवतात, फक्त तिच्यात आता तास लिहितात. माझ्या एक्सेलवर त्यांचा पूर्ण विश्वास नाही. महिनाअखेरीला ते कॅल्क्युलेटर घेऊन माझी बेरीज पडताळतात. डिसेंबरमध्ये त्यांना माझी एक चूक सापडली. नवीन माणसाची ओळ खाली जोडली होती आणि फॉर्म्युल्याची रेंज वाढवायला मी विसरले होते. त्यामुळे भाव जास्त निघत होता, आणि सगळ्यांच्या रकमांची बेरीज गल्ल्यापेक्षा मोठी. दादा इतके खूश झाले की दोन दिवस सगळ्यांना सांगत होते.

मावशींना पहिल्यांदा १,३५० रुपयांचं पाकीट दिलं तेव्हा त्यांनी ते मोजलं, पदरात बांधलं आणि विचारलं, "ताई, हे पगारातनं कापणार नाही ना?"

नाही कापत, मावशी.

पुढच्या वेळी बिल देताना...

• सर्व्हिस चार्ज आपोआप लागला असेल तर तो काढायला सांगू शकता. द्यायचा तर तुमच्या मर्जीनं.
• चार्ज दिलाय आणि वर टिपही? दोन्ही कुणाला जातं, हे कॅप्टनला बिनधास्त विचारा. जिथं गल्ला नीट वाटला जातो, तिथं उत्तर चटकन मिळतं.
• एकाच वेटरला खूश करायचंय? त्याच्या हातात दिलेली नोटही बऱ्याच ठिकाणी गल्ल्यात जाते. त्याचं नाव घेऊन मॅनेजरला सांगा. पॉइंट वाढवताना ते उपयोगी पडतं.
• कार्डवर किंवा यूपीआयनं दिलेली टिप स्टाफपर्यंत पोचते का, तेवढं विचारून घ्या. नसेल पोचत, तर रोख द्या.